अध्यापनविषयक भूमिका : सहाय्यक प्राध्यापक (रसायनशास्त्र) पदासाठीचा अर्ज

विद्यार्थ्याने आधी अंदाज लिहावा, मग ब्युरेटला हात लावावा, आणि आलेले रीडिंग मनाजोगते नसले तरी ते खोडू नये, हा क्रम मी प्रयोगशाळेत आणि वर्गातही पाळते. प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या बॅचमध्ये बहुधा याच्या उलट चालते. शेजारच्या टेबलावर १०.० आले की आपले १०.४ गुपचूप १०.१ होते, आणि जर्नलमध्ये तिन्ही ओळींत एकच सीबीआर उतरतो. हा दोष मुलांपेक्षा आपल्या गुणदानाचा अधिक आहे. ‘बरोबर’ रीडिंगलाच गुण मिळत असतील तर मुले बरोबर रीडिंग लिहिणारच. उदाहरण म्हणून ऑक्झॅलिक आम्लाने सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाणीकरण हा नेहमीचाच प्रयोग घेते. हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे नुसते तोलून त्याची तीव्रता ठरवता येत नाही, म्हणून ०.६३० ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत विरघळवून ०.१ एन द्रावण करायचे आणि त्यातले १० मिली पिपेटने घ्यायचे (रबरी बल्ब लावूनच, ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, तोंडाने ओढण्याची जुनी सवय आता सोडायलाच हवी). फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचे. ‘ब्युरेट द्रावणानेच विसळा, कोनिकल फ्लास्क मात्र पाण्यानेच’ हे वाक्य ओरलमध्ये सगळे धडाधड म्हणतात. का, असे विचारले की निम्मा वर्ग खाली बघतो. म्हणून २० जणांच्या बॅचची मी चार टेबले करते. पहिले टेबल नेहमीप्रमाणे टायट्रेशन करते. दुसऱ्याच्या ब्युरेटमध्ये पाणी राहून गेले असे धरून ५ मिली पाणी आणि ४५ मिली हायड्रॉक्साइड बीकरमध्ये ढवळून भरायचे. पाणी थेट ब्युरेटमध्ये ओतून वर द्रावण भरले तर ते नीट मिसळत नाही, प्रत्येक रीडिंग वेगळे येते आणि मुद्दाच हरवतो. तिसऱ्याने आम्ल असलेल्या फ्लास्कमध्ये २० मिली पाणी जादा घालायचे. चौथ्याच्या फ्लास्कमध्ये अर्धा मिली आम्ल आधीच असते, म्हणजे फ्लास्क पाण्याऐवजी आम्लाने विसळल्यासारखे. सुरू करण्याआधी प्रत्येकाने चारही टेबलांसाठी ‘वाढेल’, ‘घटेल’ किंवा ‘तेवढेच राहील’ यांपैकी एक आणि त्याखाली कारणाची एक ओळ पेनने लिहायची. ती मराठीत चालते. जर्नलचे इंग्रजी नंतर बघता येते, पण कारण इंग्रजीतच हवे असा हट्ट धरला की पाठ केलेले वाक्य मिळते. हायड्रॉक्साइडही नेमके ०.१ एन असेल तर पहिल्या टेबलावर १०.० यायला हवे, दुसऱ्यावर द्रावण ०.०९ एन झाल्याने ११.१, चौथ्यावर १०.५. खरी गंमत तिसऱ्या टेबलावर असते. पुष्कळ मुले तिथे ‘वाढेल’ लिहितात, कारण फ्लास्कमधले द्रावण डोळ्यांना तिप्पट दिसते. ब्युरेट मात्र १०.० वरच थांबते. तेव्हा फळ्यावर एकच ओळ लागते: १० मिली × ०.१ एन म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट, पाणी घातल्याने त्यातले आम्ल ना वाढले ना घटले. पाणी ब्युरेटमध्ये गेले तर मोजायचे मापच सैल होते, फ्लास्कमध्ये गेले तर काहीच बिघडत नाही, हा फरक मुलांना मग स्वतःच्या शब्दांत मांडता येतो. अनाहूत चुकाही होतात आणि त्या मी लपवू देत नाही. तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला आणि टायट्रेशन चालू असताना तो निघून गेला तर रीडिंग तेवढे वाढते. वरची नरसाळी काढायची राहिली आणि तिच्यातून मध्येच थेंब पडला तर ते घटते. असे रीडिंग एका रेषेने कापायचे, शेजारी कारण लिहायचे आणि पुन्हा टायट्रेशन करायचे. दहापैकी चार गुण मी रीडिंगला देते, तीन आधी लिहिलेल्या अंदाजाच्या कारणाला, तीन चूक कशी झाली याच्या खुलाशाला. अंदाज चुकला म्हणून गुण जात नाहीत. कारणाची जागा कोरी ठेवली तर जातात.