बस आली, पाटी वाचा

गोवंडीच्या रात्रीच्या साक्षरता वर्गासाठी पदे

वर्ग रात्री साडेआठला भरतो. गवंडीकाम, घरकाम, भाजीची गाडी, वॉचमनची पाळी, हे सगळं उरकून, घरी भाकरी टाकून तुम्ही इथे येता. मुंबईचे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. कुठली गल्ली कुठे निघते, कुठल्या वळणावर पाणी तुंबतं, हे आम्ही शिकवणाऱ्यांनीच तुम्हाला विचारावं. म्हणून या पदांत बालवाडीचं काही ठेवलेलं नाही. रोज ज्या पाट्यांखालून तुम्ही जाता, त्याच इथे आहेत. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून. ज्यांना गाणं नको वाटतं त्यांनी नुसतं बोट फिरवलं तरी चालेल.

सुरुवात

रस्ता तुम्हांस ठाऊक,
वळण वळण पाठ;
आता अक्षरांशी फक्त
बांधू ओळखीची गाठ.

हात विटेने घडले,
हात भांड्यांनी झिजले;
त्याच हातांनी पाटीला
आज अक्षर लिहिले.

वय विचारत नाही
काना, मात्रा की वेलांटी;
साठीच्याही माणसाची
वाट पाहते ही पाटी.

अठराशे पंचावन्न,
पुण्यामध्ये रात्रशाळा;
जोतीराव-सावित्रींनी
कष्टकरी केले गोळा.

अंकांच्या ओव्या

जात्यावरची चाल बायांना येतेच. काका-दादांनी मागून धरावी. ओवी म्हणताना तो अंक हवेत मोठा काढायचा, मग वहीत.

पहिली माझी ओवी, एक अंक गाऊ,
वरती वाटोळा, खाली शेपूट लावू.

दुसरी माझी ओवी, दोनाचा तो थाट,
इंग्रजी दोनाशी मिळतीजुळती वाट.

तिसरी माझी ओवी, तिनाला दोन पोटं,
खाली उतरताना एक शेपूट छोटं.

चौथी माझी ओवी, चाराचे दोन हात,
वर दोन्ही उघडे, खाली गाठ त्यांच्यात.

पाचवी माझी ओवी, पाचाला एक पाय,
डावा वळसा घेऊन दांडी खाली जाय.

सहावी माझी ओवी, सहा तिनाचा भाऊ,
तीन आरशात धरू, सहा तिथे पाहू.

सातवी माझी ओवी, सात वळून येई,
खालून वर जाता टोक आत घेई.

आठवी माझी ओवी, आठाला ना गाठ,
वरून उतरून वळणाची वाट.

नववी माझी ओवी, नवाची दोन रूपे,
दोन्ही फळ्यावर काढू, ओळखणे सोपे.

दहावी माझी ओवी शून्याला वाहू,
एकाशेजारी येता दहा झाले पाहू.

सहाव्या ओवीला कुणीतरी छोटा आरसा आणावा. कागदावर ठसठशीत ३ काढून आरशासमोर धरला की समोर ६ उभा राहतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तीन आणि सहा यांची गल्लत सहसा होत नाही. नवाचं तसं नाही. तो दोन वळणांनी लिहिला जातो, जुन्या पाटीवर एक आणि नव्या छपाईत दुसरं. दोन्ही बरोबर आहेत.

कपाळावरचा अंक आणि बाजूचा अंक

बेस्टच्या बसवर समोर मराठी आकडा असतो आणि दाराच्या बाजूला इंग्रजी. दिव्यांची पाटी असेल तर तिच्यावर मराठी आणि इंग्रजी आळीपाळीने येतात. डोळा लावावा तोवर आकडा बदललेला असतो. यात वाचणाऱ्याची चूक नसते. पाटी पुन्हा फिरून येते, तेवढं थांबावं. मात्र काही अंक दोन लिप्यांत एकमेकांसारखे दिसतात. त्यांची पदे पाठच करावीत, कारण चुकीच्या बसमध्ये चढलं की तिकिटाचे पैसे जातात, कामाचा खाडा होतो आणि वर बोलणी बसतात.

बसच्या कपाळी अंक
मराठीत लिहिलेला;
दाराशेजारी तोच ना
इंग्रजीत काढलेला?

मराठीचा १ दिसे
इंग्रजी 9 चा जुळा;
कपाळ नि बाजू दोन्ही,
फिरवा एकदा डोळा.

मराठीचा ४ भासे
इंग्रजी 8 लांबून;
वर तोंड उघडे का,
घ्यावे तेवढे पाहून.

मराठीचा ५ पहा,
इंग्रजी 4 सा वाटे;
शेजारचे अंक बघा,
लगेच गोंधळ मिटे.

०, २, ३ सोपे,
दोन्ही लिप्यांत सारखे;
उरले सात आकडे
नाहीत मुळी पारखे.

सवाल-जवाब

वर्गाचे दोन गट करायचे. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, मग अदलाबदल. इथले आकडे सरावापुरते आहेत. बेस्टचे मार्ग अधूनमधून बदलतात, म्हणून कुठला नंबर कुठे जातो हे पदात बांधलेलं नाही.

सवाल:
लांबून बस दिसते,
तीन अंकी तिचे नाव;
कुठून सुरू वाचन,
सांगा मला तुम्ही राव?

जवाब:
डावीकडून वाचावे
एक एक अंक नीट;
तीन, पाच, मग एक,
तेच घ्यायचे तिकीट.

सवाल:
तीन, एक, पाच आली,
मागून दुसरी गाडी;
अंक तेच, मग सांगा,
धरू का तिचीच दांडी?

जवाब:
क्रम फिरला की फिरे
रस्ता, थांबा आणि गाव;
आकडा जुळला तरी
वाचा शेवटचे नाव.

सवाल:
अंकाशेजारी लिहिले
'मर्यादित' कशासाठी?
घाई असे, चढू का हो,
पडेल का थांबा गाठी?

जवाब:
मर्यादित म्हणजे ती
थांबे मोजक्याच जागी;
वाहकाला विचारावे,
आपला थांबा का मार्गी?

विचारण्यात कमीपणा काही नाही. वाचता येणारी माणसंही वाहकाला विचारतात, रोज विचारतात. तुम्ही आधी पाटी वाचलेली असेल तर विचारताना आवाज मात्र वेगळा लागतो. "ही कुठे जाते हो?" याऐवजी "३५१ ना? आमच्या थांब्यावर थांबते ना?" असं तोंडून येतं. फळ्यावर ३५१, ३१५, ५३१, १३५ असे आकडे मोठे लिहू. मी ज्यावर छडी ठेवीन तो सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचा. घाईने पुढच्याचं ऐकून म्हणू नये. आपला वेळ घ्यावा, वर्ग थांबेल.

नावाची पाटी

'मा' वाचून नका थांबू,
पुढे वाटा होती चार;
माटुंगा, माहीम, मालाड,
मानखुर्द – हा शेजार.

'पू.' म्हणजे पूर्व बाजू,
'प.' म्हणजे ती पश्चिम;
ऊकार बघून चढा,
नको पुलाचे ते श्रम.

डेपो म्हणतो आपण,
पाटी म्हणते 'आगार';
देवनार, वडाळ्याला
हेच दिसे वारंवार.

पाटीवरचे 'स्थानक',
आपल्या तोंडी स्टेशन;
जोडाक्षर जड वाटे,
'स्था', 'न', 'क' असे म्हणून.

'वातानुकूलित' शब्द
लांब आहे, तोडा त्याला;
वाता, नुकू, लित – झाले!
एसीचा हा अर्थ आला.

'पू.' आणि 'प.' यांवर हवा तेवढा वेळ काढू. घाटकोपर, कुर्ला, चेंबूर, अंधेरी, सगळीकडे स्टेशनच्या दोन बाजू आहेत आणि बसच्या पाटीवर फरक फक्त एका ऊकाराचा असतो. हातात पिशव्या, गुडघा दुखतोय आणि उतरलो तर रुळाच्या भलत्याच बाजूला, हे तुमच्यापैकी कित्येकांनी सोसलं आहे. तो एक ऊकार ओळखता आला तरी या वर्गाचं एक मोठं काम झालं असं मी मानते.

बसच्या आत

'महिलांसाठी राखीव'
आसनांवर दिसते;
वाचून ती बसे ताई,
हक्काने जागा मागते.

'ज्येष्ठ नागरिक' दोन
शब्द खिडकीच्या वर;
काका, तुमचीच जागा,
टेका पाठ घडीभर.

'दिव्यांग' जिथे लिहिले,
तिथून उठावे आधी;
काठी टेकत येणारा
उभा राहू नये कधी.

रस्त्यावर

कवटीच्या खाली 'धोका',
विजेची ती पेटी खरी;
पाऊस असो वा ऊन,
हात ठेवू नये वरी.

'काम चालू, रस्ता बंद'
गवंडीदादाला ठावे;
पाटी त्यांनीच रोवली,
आता शब्दही वाचावे.

दारावरती 'ढकला',
'ओढा' दुसऱ्या बाजूला;
आधी 'ओ' की आधी 'ढ' ते
बघा, मग हात घाला.

'महिला' नि 'पुरुष' हे
शब्द दोन शिका आधी;
चित्र पुसले दाराचे,
अडचण नये मधी.

दवाखाना आणि दुकान

शीव असो की नायर,
'रुग्णालय' लिहिलेले;
'बाह्यरुग्ण' पाटीखाली
ओपीडीचे दार खुले.

'अपघात' ही अक्षरे
लाल रंगात बहुधा;
रात्री-अपरात्री तिथे
जावे, मनी नको द्विधा.

'शिधावाटप' लिहिता
रेशनचे ते दुकान;
भाव फळ्यावर वाचा,
मापात घ्यावे सामान.

दुकानांच्या पाट्या आता सरावाला चांगल्या मिळतात. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही नाव मराठीत, देवनागरी अक्षरांत लावणं बंधनकारक झालं. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. म्हणजे गल्लीतून चालत जाताना दोन्ही हातांना वाचनाचं पुस्तक उघडलेलंच आहे. न्हाव्याचं दुकान, गिरणी, मोबाइलवाला, मेडिकल. दुकान कशाचं हे तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे अर्थ धरून अक्षराकडे जाता येतं. मोठ्या माणसांच्या शिकण्यात हा मोठा आधार आहे आणि तो वापरण्यात चोरी कसली!

शनिवारी वर्ग खोलीत भरणार नाही. साडेआठला सगळे बसथांब्यावर जमू. कुठल्याही बसमध्ये चढायचं नाही, फक्त येणाऱ्या बसचा आकडा आणि शेवटचं नाव मोठ्याने वाचायचं. ज्यांना मोठ्याने नको वाटेल त्यांनी माझ्या कानात सांगावं. त्याआधी, गुरुवारी येताना, घराजवळच्या कुठल्याही एका पाटीची अक्षरं जशी दिसतील तशी वहीत उतरवून आणा. अर्थ लागला नसेल तरी आणा. फळ्यावर लिहून सगळे मिळून वाचू.