कॅश जुळल्यावर

ओंकार: सुलभाताई, कॅश जुळली का? थोडं बोलायचं होतं.

सुलभाताई: आत्ताच जुळली. बस. चेहरा का उतरलाय?

ओंकार: तीन वर्षांत साठवलेलं सगळं बचत खात्यात पडून आहे. काल रात्री ॲप उघडलं, फंड निवडला, रक्कम टाकली, पण शेवटचं बटण दाबायला हातच धजेना. पैसे गेले तर?

सुलभाताई: गेले म्हणजे? काही दिवस कमी दिसले तर, की परत आलेच नाहीत तर?

ओंकार: दोन्ही एकच ना?

सुलभाताई: नाही रे, इथेच गफलत होते. अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक ऑक्टोबर 2007 पासून मार्च 2009 पर्यंत निम्म्याहून जास्त पडला. जुनी पातळी परत दिसायला 2013 उजाडलं. मधल्या काळात ज्यांना पैशांची नड आली त्यांनी पडत्या भावात विकलं. त्यांचे खरंच गेले. ज्यांना नड नव्हती, ते थांबू शकले.

ओंकार: म्हणजे थांबलं की भरून येतंच?

सुलभाताई: तसा शब्द मी देणार नाही. जपानचा निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस जिथे होता, ती पातळी ओलांडायला 2024 यावं लागलं. म्हणून सगळं एकाच बाजारात नको, आणि एकाच कंपनीत तर नकोच. कंपनी बुडाली की थांबून काय उपयोग?

ओंकार: मग खात्यातच बरे की.

सुलभाताई: तिथेही झिजतात, फक्त दिसत नाही. महागाई व्याजापेक्षा 3 टक्क्यांनी जास्त राहिली, तर साधारण 24 वर्षांत त्या पैशांची किंमत निम्मी होते. पासबुकात आकडा मात्र वाढतच असतो. बरं, यातले तुला लवकर कधी लागणार आहेत?

ओंकार: पुढच्या वर्षी बहिणीची फी भरायची आहे.

सुलभाताई: मग फीचे पैसे बाजारात टाकायचेच नाहीत, एफडीत ठेव. सहा महिन्यांच्या घरखर्चाचेही बाजूला काढ. पाच-सात वर्षं हात लावावा लागणार नाही तेवढेच गुंतव, तेही दर महिन्याला थोडे थोडे. त्यांची किंमत निम्मी झालेली दिसली तरी झोप लागेल, एवढीच रक्कम ठेव. तुझी भीती खोटी नाही, पण तू तिच्यापुढे सगळी पुंजी एकदम मांडतोयस.

ओंकार: पैसे असे वेगवेगळे काढले की जरा हलकं वाटतंय.

सुलभाताई: थांब. क्रेडिट कार्डाचं काही थकलंय?

ओंकार: थोडं. महिन्याला साडेतीन टक्के लागतात.

सुलभाताई: वर्षाचे 42 झाले की! एवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक या काउंटरवर मी कधी पाहिली नाही. ॲप राहू दे, आधी कार्डाचं स्टेटमेंट काढ.