ओ निगेटिव्ह रक्तदाते हवेत: सिव्हिल हॉस्पिटल, बेळगाव. बुधवार १५ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४ पर्यंतच

मंडळी, नमस्कार. आज मंगळवार १४ ऑक्टोबर, रात्रीचे ८ वाजलेत. वरची तारीख आधी बघा. ती उलटून गेली असेल तर हा निरोप पुढं पाठवू नका.

खानापूर तालुक्यातल्या एका गरोदर बाईचं गुरुवारी सकाळी सिझेरियन ठरलंय. वार गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, त्यामुळं रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी रक्त आधीच हाताशी ठेवायला सांगितलंय. एकूण तीन पिशव्या हव्यात. एक रक्तपेढीत मिळाली, दोन कमी आहेत. ती आत्ता व्यवस्थित आहे, स्वतः चालते, बोलते. कुणी घाबरून जाऊ नये.

हे ऐकीव नाही. संध्याकाळी मी स्वतः तिच्या नवऱ्याबरोबर रक्तपेढीत जाऊन आलो. डॉक्टरांच्या सहीची मागणी चिठ्ठी पाहिली, तिच्यावरचा रक्तगट वाचला आणि किती पिशव्या कमी पडतात ते तिथल्या टेक्निशियनना विचारून घेतलं. घरच्यांना विचारूनच हे लिहितोय. नाव, गाव, फोटो मुद्दाम टाकलेला नाही. रक्त द्यायला त्यांची गरज नसते.

चार वाजेपर्यंतच का, तर रक्त काढलं की लगेच देता येत नाही. एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया अशा तपासण्या होतात, मग जुळणी. गुरुवारी सकाळी पिशवी तयार हवी असेल तर उद्या दुपारपर्यंत रक्त दिलेलं बरं.

ओ निगेटिव्ह रुग्णाला ओ निगेटिव्हच चालतं. त्यामुळं ओ पॉझिटिव्ह मंडळींनी या वेळी धावपळ करू नये. तुमची तयारी मला ठाऊक आहे, शिबिराला हाक मारीनच. पुष्कळांना आपला गट नुसता ‘ओ’ एवढाच माहीत असतो. जुनं कार्ड किंवा लॅबचा रिपोर्ट काढून निगेटिव्ह लिहिलंय का ते एकदा बघा, म्हणजे निपाणी किंवा चंदगडहून येणाऱ्याचा हेलपाटा वाचेल.

वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर (ते तिथंच तपासतात). आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने होऊन गेलेले असावेत. वर्षभरात टॅटू काढला असेल, ताप-सर्दी असेल, अँटिबायोटिक चालू असेल तर मला आधी सांगा. बाळाला पाजणाऱ्या बहिणींनी येऊ नये. नीट जेवून, पाणी पिऊन या. आज रात्री दारू नको. आधार कार्ड घ्या. प्रत्यक्ष रक्त द्यायला दहा-एक मिनिटं लागतात, फॉर्म, तपासणी आणि नंतरची विश्रांती धरून तासभर मोकळा ठेवा.

येणाऱ्यांनी आधी मला वैयक्तिक मेसेज करायचा: नाव, गाव, किती वाजता येणार. न सांगता थेट जाऊ नका, दोनऐवजी दहा जण पोचले तर बाकीच्यांना परत फिरावं लागेल. दोघं पक्के झाले की आणखी दोघांना ‘तयार राहा’ म्हणून सांगून ठेवीन. चन्नम्मा चौकाजवळ सिव्हिलच्या मुख्य गेटावर सकाळी ९ पासून मी उभा असेन. फॉर्म कन्नडमधून असला आणि वाचायला अडचण वाटली तर मी शेजारी बसून सांगतो. लाजू नका. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्या-मित्रांनाही तोंडी विचारा, गरज सगळ्यांनाच सारखी कळते.

रक्तासाठी दात्यानं पैसे मागणं किंवा घेणं कायद्यानं बंद आहे. ‘पैसे द्या, दाता आणतो’ असं कुणी म्हणालं तर मला लगेच कळवा.

आता मनातलं एक. फोन नंबर निरोपात का नाही, असं विचाराल. दोन वर्षांमागं आमच्या ओळखीतल्या एका पोराच्या अपघाताचा निरोप असाच फिरला, फोटोसकट, वडिलांच्या नंबरासकट. पोरगा तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतरही चार महिने त्या बापाला फोन येत राहिले, “रक्त अजून पाहिजे का?” विचारणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण प्रत्येक फोनला त्याला तेच सांगावं लागायचं. म्हणून हात जोडून विनंती, ‘अर्जंट’, ‘जीव धोक्यात’ असं स्वतःचं काही जोडू नका. दुसऱ्या ग्रुपवर टाकायचं असेल तर तारखेसकट पूर्ण टाका आणि तिथं कुणी दाता मिळाला तर त्याला माझ्याशी जोडून द्या.

उद्या दुपारी १ वाजता आणि ५ वाजता किती पिशव्या झाल्या ते इथं लिहीन. दोन्ही मिळाल्या की ‘गरज पूर्ण’ असं टाकून हा निरोप काढून टाकीन. ज्यांनी पुढं पाठवला असेल त्यांनीही आपापल्या ग्रुपवर तेवढंच लिहायचं.

ग्रुप ॲडमिन, वडगाव