ग. ल.

आबांचं घड्याळ ओंकारला मिळणार, असं घरात कुणी कधी बोललं नव्हतं आणि तरी सगळे तसंच धरून चालले होते. थोरला नातू, त्यात रुंद मनगटाचा. आबांनी ते सायलीला दिलं. तेसुद्धा ती मुंबईला नोकरीवर रुजू व्हायला निघाली, पाटणची एसटी फाट्यावर यायची वेळ झाली आणि आई डब्यावर डबे पिशवीत कोंबत होती, तेव्हा.

"नाडी मोजायला घड्याळ लागतं म्हणालीस न्हवं?"

"लागतं. सेकंदकाट्याचं."

आबांनी मनगटावरचा पट्टा सोडला. "मग ह्ये घे. रोज सकाळी चावी द्यायची. अडली की थांबायचं, पुढं रेटायची न्हाय. आन बंद पडू द्यायचं न्हाय."

"आणि पडलं तर?"

"पडू द्यायचं न्हाय म्हणतोय न्हवं मी?"

एचएमटी जनता. पांढरी तबकडी आता ताकासारखी पिवळट झालेली, काचेवर बारीक चरे, कडेचा मुलामा निघून आतलं पितळ दिसायला लागलेलं. आबा मुंबईला गिरणीत साचे चालवायचे तेव्हा दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं. निदान घरात सगळ्यांना तसंच माहीत होतं.

त्या घड्याळाच्या चावीवरून घरात जेवढी बोलणी झाली तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नसतील. सकाळी तोंड धुतलं की आबा ओट्यावर बसून, घड्याळ कानाशी धरून चावी देणार. मग चहा. आजी म्हणायची, "माझ्या औषधाची आठवण राहत न्हाय, पण त्याची बरी राहती." आजी गेली त्या पहाटे तिला अंगणात आणून ठेवलं होतं, बायका रडत होत्या, आणि आबांनी मनगटावरचं घड्याळ काढून नेहमीसारखी चावी दिली. आत्यानं ते बघितलं. त्याबद्दल तिनं बापाला माफ केलं नाही. दर दिवाळीला विषय निघायचा, निघाला की ती उठून परड्यात जायची.

ओंकारनं वरवर मनाला लावून घेतलं नाही. त्यानं फक्त सायलीला सांगून ठेवलं, की कंपनीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं 2016 मध्ये ठरलं आणि तेव्हापासून जुन्या तुकड्यांना शौकीन लोक पैसे मोजतात. "विकायचं झालं तर मला आधी विचार," एवढंच.

सायलीची नेमणूक परळला. वॉर्डात मनगटावर काही घालायचं नाही, हात कोपरापर्यंत मोकळे पाहिजेत. मग तिनं घड्याळाचा पट्टा काढून टाकला आणि ते ॲप्रनच्या वरच्या खिशात ठेवायला लागली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा टकटक उड्या मारत जातो, हा सरपटत जायचा, एका सेकंदात पाच बारीक पावलं टाकत. तीस सेकंद मोजायचं, दुप्पट करायचं, तक्त्यावर लिहायचं. मैत्रिणी हसायच्या. एक म्हणाली, "पेशंटपेक्षा तुझ्या घड्याळालाच सलाईन लाव." रात्रपाळी असली की चावीची वेळ चुकायची, म्हणून तिनं पाळी संपताना, हातावरून साबण धुतला की लगेच चावी द्यायची असं ठरवून टाकलं. सवय लागायला फार दिवस लागले नाहीत. लागली तेव्हा तिचं तिलाच हसू आलं.

जुलैत एकदा रेल्वेस्टेशनातून बाहेर पडेपर्यंत ती नखशिखान्त भिजली आणि संध्याकाळी काचेच्या आतून वाफ धरली. काटे चालत होते, पण तिला काही चैन पडेना. कुणीतरी लालबागच्या एका घड्याळजीचा पत्ता दिला. जिन्याखालची जागा, एक माणूस बसेल एवढी, काचेच्या पेटीत मेलेली घड्याळं मांडलेली. नवे सुटे भाग मिळत नाहीत, मग एकाचा काटा दुसऱ्याला, दुसऱ्याची चावी तिसऱ्याला.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ यंत्राकडं बघण्याऐवजी झाकणाच्या आतल्या बाजूकडंच बघत बसला.

"चांगलं वापरलंय. सहा-सात वेळा तरी उघडलंय. हे बघा."

तिनं भिंग घेतलं. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर सुईच्या टोकानं कोरल्यासारखे आकडे होते. प्रत्येक घड्याळजी सफाई केली की आपली खूण आणि तारीख टाकतो, तो सांगत होता, म्हणजे पुढच्याला कळतं. 5-76. मग 11-79. मग 86, तेही वेगळ्या हातचं. आणि या सगळ्यांच्या वर, जरा मोठ्या, कष्टानं काढलेल्या मराठी अक्षरांत: ग. ल. साचेखाते.

"आजोबांचं नाव?"

आबांचं नाव तुकाराम. आडनाव जाधव.

तिनं फोन रात्री केला. वाकडं काही विचारायचं नव्हतं, उलट तिला वाटलं होतं आबा हसतील आणि सांगतील, की सेकंडहॅंड घेतलं होतं, बोनस वगैरे आजीला सांगायला. आबा आधी गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "बंद न्हाय ना पडलं?"

"नाही. ग. ल. कोण, आबा?"

"मला कळलं असतं तर घड्याळ तुझ्याकडं कशाला आलं असतं?"

मग हळूहळू, मधेच कुत्र्यावर ओरडत, मधेच आवाज येत नाही म्हणत, त्यांनी सांगितलं.

संप झाला तो 18 जानेवारी 1982 ला. अडीच लाख माणूस बाहेर. पहिले दोन-तीन महिने मजेत गेले, गावी जाऊन आले, सभेला गेले. पावसाळ्यापर्यंत भांडी गेली. त्याच्या मागोमाग आबांनी बोनसचं घड्याळ एका सावकाराच्या पेढीवर गहाण टाकलं. त्यानं नंबर घालून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात राहिली आणि आजीनं सदरा धुतला.

"तिला बोललो न्हाय कधी. ती बी बिचारी नदीवर चार घरची धुणी धूत हुती तवा."

दोन वर्षांनी, गिरणीत परत घेणार नाहीत हे पक्कं कळल्यावर, मेहुण्याच्या उसाच्या पैशातून उसने घेऊन आबा घड्याळ सोडवायला गेले. सावकारानं चिठ्ठीचा लगदा बघितला, आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला आणि गादीवर पालथा केला.

"सगळी जनता. पट्टे काढल्याली. सत्तर-ऐंशी तर असतील. म्हणला, वळख तुझं."

"मग?"

"मग काय? उचललं एक. सारखीच हुती की सगळी. बघून बघून ज्याच्या काचेवर माझ्यासारखा चरा दिसला ते घेतलं."

गावाला आल्यावर आठवड्याभरात त्यांना शंका आली. त्यांचं स्वतःचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागं पडायचं. हे पुढं जायला लागलं. सावकारानं साफ करून घेतलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि सावकार असलं काही करत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. 86 साली कऱ्हाडला सफाईला टाकलं तेव्हा घड्याळजीनं झाकणातली अक्षरं वाचून दाखवली. एका खोलीत तीस-तीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, घड्याळ चोरीला गेलं तर ओळख पटावी म्हणून कुणी कुणी असं नाव घालून घ्यायचे. आबांनी घातलं नव्हतं.

ते मुंबईला गेले. पेढीवाल्यानं उरलेली सगळी घड्याळं एका फेरीवाल्याला ठोक विकली होती. साचेखात्यातला ग. ल., एवढ्यावर शोधायचं. कुठल्या गिरणीतला, ते लिहिलेलं नाही. गणपत, गोविंद, गजानन, गंगाराम. पाटण तालुक्यातलेच दहा निघाले. काही कोकणात परत गेलेले, काही वारलेले, एकानं तर हाकलून दिलं, म्हणाला मी कधी घड्याळ गहाण टाकलं नाही. पुढं कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला मुंबईला गेले की आबा विचारत राहिले. संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या पडल्या, तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि विचारायला माणसंच उरली नाहीत.

"दुसऱ्याची वस्तू हाय, बाय. मालक आला आन बंद घड्याळ हातात दिलं, तर बरं दिसंल का?"

सायलीला आजीची पहाट आठवली. तिनं विचारलं, "आत्याला सांगितलंत?"

"काय सांगू? तुझी आई गेली त्या दिवशी मी परक्याच्या घड्याळाला चावी देत हुतो म्हणून?"

"हो. तेच सांगा."

त्यांनी सांगितलं की नाही, तिला कळलं नाही. दिवाळीत आत्या उठून परड्यात गेली नाही, पण त्या वर्षी विषयही कुणी काढला नव्हता. ओंकारला मात्र सायलीनं स्वतः सगळं सांगितलं. तो बराच वेळ घड्याळ हातात फिरवत बसला. "म्हणजे विकता येणार नाही," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "फोटो दे त्या अक्षरांचा. गिरणी कामगारांचे ग्रुप आहेत, म्हाडाच्या घरांसाठी अर्ज केलेली माणसं असतात त्यात. मी टाकतो." अजून त्याचा फोन अधूनमधून वाजतो. कुणी पणतू असतो, कुणी नुसताच चौकस. जुळलेलं एकही नाही.

परळचा वॉर्ड. लालबाग, शिवडी, काळाचौकीची म्हातारी माणसं येतात, बऱ्याच जणांच्या छातीत कापसाची जुनी धूळ. सायली नाडी मोजता मोजता विचारते, आजोबा, कुठल्या गिरणीत होता? कुठलं खातं? डॉक्टरांना वाटतं केस-पेपरसाठी विचारते.

परवा सात नंबरच्या खाटेवर एक आजोबा आले. दम लागलेला, पण बोलायची हौस दांडगी. तिनं खिशातून घड्याळ काढलं, तसे ते उशीवरून उठायलाच लागले.

"जनता! आमचं बी हुतं. संपात गेलं."

"नाव काय तुमचं?"

"शंकर मोरे. का?"

"काही नाही. कुठलं खातं?"

"स्पिनिंग." त्यांनी मान वाकडी करून तबकडी बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "अगं, चार मिनिटं पुढं हाय की तुझं."

"माझं नाहीये ते," सायली म्हणाली. "आणि बोलू नका, माझं मोजणं चुकतंय."