नंदूदादा, पन्नाशीच्या शुभेच्छा!

प्रिय नंदूदादा,

वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! पन्नास पूर्ण झाली. घाबरू नकोस, शाल-श्रीफळ नाही आणि भाषणही नाही. परवा शनिवारी भजनाच्या हॉलवर जमायचंय, तिथे 'जिद्द', 'प्रेरणा' नाहीतर 'संघर्ष' यांतला एक जरी शब्द कोणाच्या तोंडून निघाला, तर त्याची बासुंदीची वाटी काढून घ्यायची असं ठरलंय. बासुंदी नरसोबाच्या वाडीची आहे, त्यामुळे सगळे तोंड सांभाळतील.

तुझ्याबद्दल बोलायचं तर पेटीबद्दल बोलावं लागतं, आणि पेटीबद्दल आमच्यापेक्षा तूच जास्त बोलतोस. पेटी टेबलावर आली की तू आधी वाजवत नाहीस. स्टॉप बंद करतोस, भाता भरतोस आणि हात काढून बघत बसतोस. तेव्हाच वारा गेला तर भात्याचं चामडं नाहीतर जोड. स्टॉप उघडल्यावर, एकही पट्टी न दाबता गेला, तर पट्ट्यांखालचं चामडं. गिऱ्हाईक तोवर "दादा, सूर बिघडलेत, सगळे रीड बदला" म्हणत असतं. तू म्हणतोस, "आधी गळती, मग सूर." भात्याचा दाबच टिकत नसेल तर सूर हलणारच, त्यावर कानस चालवून काय उपयोग? आणि जुन्या पेटीतले पितळी सूर चांगले असतील तर पालिताण्याचा नवा सेट घालायला तू सरळ नकार देतोस. त्यात तुझा धंदा बुडतो हे तुला कळतं, फक्त पटत नाही.

जुलैत तुझ्याकडे रांग लागते. पट्टी दाबली की वर येत नाही, सूर वाजतच राहतो. नवखा कारागीर पट्टी काढून पॉलिश पेपर मारतो आणि मोकळा होतो. तू त्याच्या हातातून कागद काढून घेतोस. लाकूड दमटपणाने फुगलंय, पावसाळा सरला की बसेल. आज घासलेली पट्टी जानेवारीत खुळखुळणार. म्हणून आधी स्प्रिंग बघायची, चामड्याखाली कचरा आहे का बघायचं, पेटी कोरड्या खोलीत दोन-चार दिवस उघडी ठेवायची. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याला वाटतं, दादा टाळतोय. (कधीकधी टाळतोसही. "उद्या ये" या तुझ्या शब्दांवर मिरजेत कोणी विसंबत नाही. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर मुळीच नाही.)

शिकायला येणाऱ्या पोरांना पहिला महिना कानस मिळत नाही. स्क्रू काढायचे, क्रमाने ठेवायचे, सुराखालून पातळ कागद सरकवून धूळ काढायची. निम्मे 'बंद पडलेले' सूर तेवढ्यानेच बोलतात, हे त्यांना स्वतःच्या हातांनी कळावं म्हणून. मग धडा एकच: टोकाकडे घासलं की सूर चढतो, रिव्हेटच्या बाजूला घासलं की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. दोन फटकारे मारून थांबायचं, कारण कानशीने पितळ गरम होतं आणि गरम सूर थोडा खाली बोलतो. तेवढ्यात फसून आणखी घासलं, की गार झाल्यावर सूर वर निघून जातो. नर आणि मादी सूर एकत्र वाजवून त्यांतली लहर मोजायला तू ज्या पद्धतीने शिकवतोस, डोळे मिटून, बोटाने टेबलावर लहरीचा ठोका धरून, ती बघायला मुद्दाम यावं. लहर लांबत लांबत जाते, तुझं बोट सावकाश होतं आणि शेवटी थांबतं. मग तू चहा मागवतोस. शाबासकी म्हणजे तो चहा; शब्दाने तू ती कोणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि गंधार! ट्यूनरने लावलेला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, हे तू ज्याला ऐकवलं नाहीस असा माणूस आपल्या पेठेत उरला नसेल. म्हणून तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "गाणारा कोणत्या पट्टीचा?" एका षड्जाला धरून उतरवलेला गंधार दुसऱ्या पट्टीत बोचतो. एकाच गवयाची पेटी असेल तरच तू तो उतरवतोस, भजनी मंडळाच्या पेटीला हात लावत नाहीस, कारण तिथे आज काळी चार तर उद्या पांढरी पाच. १९४० ते १९७१ रेडिओवर पेटीला बंदी होती ती या सुरांच्या भांडणापायीच, असं सांगताना तुझी बाजू कोणती हे मात्र आजवर कळलेलं नाही. पेटीवाला असून तू बंदी घालणाऱ्यांचीही वकिली करतोस. वाद घालायला मिळाल्याशी कारण!

तुझी ती वही पण आम्हाला आवडते. पेटी कोणाची, कधी आली, काय बिघडलं होतं, आधी कोणी काय उद्योग केला होता, सगळं त्यात. शेवटच्या रकान्यातले शेरे वाचताना हसू आवरत नाही: "फेव्हिकॉल ओतलाय." "उंदीर." "पेटी चांगली, वाजवणारा तपासावा."

दुकानात शिरून, खुर्चीत बसलेल्या तुला सोडून पोराला "काम कोण करतं रे?" विचारणारे अजून येतात. तेव्हा तू काही बोलत नाहीस, त्यांच्या पेटीचा खर्ज दाबून धरतोस आणि पेटी कुठे, कशी, किती वर्षं पडून होती ते आवाजावरून सांगतोस. पुढचं बोलणं मग तुझ्याशीच होतं. न विचारता मागून व्हीलचेअर ढकलणाऱ्यांना मात्र तू जे ऐकवतोस ते इथे लिहिता येणार नाही.

भेट म्हणून भिंगाचा दिवा आणलाय, टेबलाला अडकवायचा, वाकणाऱ्या दांड्याचा. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि तू तो मान्य करत नाहीस, म्हणून. रिव्हेटजवळची चीर त्यात स्वच्छ दिसेल.

हॉलच्या दारातला उतारही झालाय. ती भेट नाही, आमचं राहिलेलं काम आहे. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच उंची. मिस्त्री सहा फुटांत उरकायला निघाला होता, त्यावरून चढणं सोड, उतरतानाही कोणी तोंडावर पडलं असतं. इंचाला फूट या हिशेबाने १८ फूट घेतला, रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वर दारापुढे खुर्ची वळेल इतकी सपाट जागा. गुळगुळीत फरशीऐवजी खरखरीत कोबा केलाय, पावसात घसरायला नको. पहिल्याच दिवशी त्याचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला झाला असेल तर स्पीकर आणि सतरंज्या वाहणाऱ्यांना.

तर नंदूदादा, तब्येत सांभाळ, कान असेच तिखट राहू देत, आणि कॅरममध्ये हरल्यावर सोंगट्या कमी होत्या असं म्हणायची सवयही राहू दे, तिच्याशिवाय खेळात मजा नाही.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता ये. आधी बासुंदी, मग भजन. मंडळाच्या पेटीचा खालचा पंचम कुरकुरतोय, हे तुला दारातूनच ऐकू येईल. त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवून ये.

तुझीच,
शनिवारच्या भजनाची मंडळी