कौटुंबिक डॉक्टर बदलत असल्याबद्दल व वैद्यकीय नोंदींच्या प्रती मिळण्याबाबत पत्र

अमळनेर, जि. जळगाव
दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
आदरणीय डॉक्टरसाहेब,
यांच्या सेवेशी

विषय : आपल्याकडील उपचार थांबवत असल्याचे कळविणे व माझ्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती मिळणे.

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

१९९६ सालापासून आमच्या घरातील लहानथोरांच्या औषधपाण्याचा भार आपण वाहिला आहे. त्यामुळे हे पत्र आपल्या हाती देताना मला संकोच वाटतो. तरीही जे सांगायचे ते तोंडी आणि अर्धवट सांगण्यापेक्षा लिहून सांगणे आपल्या दोघांच्याही सोयीचे होईल असे वाटल्यामुळे लिहीत आहे. या महिन्यापासून मी माझा मधुमेह, रक्तदाब व मूत्रपिंड यांवरील उपचार जळगाव येथील फिजिशियन आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ यांच्याकडे सुरू करीत आहे. यापुढे माझ्या नियमित उपचारांसाठी मी आपल्याकडे येणार नाही आणि आपल्या चिठ्ठीवर औषधेही घेणार नाही. माझ्या नावाच्या कार्डावर तशी नोंद करून घ्यावी, ही विनंती.

या निर्णयाचे कारण इतरांकडून कानावर येण्यापूर्वी ते माझ्याकडूनच आपल्याला कळावे. मार्चमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या जळगावला झाल्या. त्यांत क्रिएटिनिन १.९ आले, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दाखविणारा आकडा ३८ आला आणि लघवीतून प्रथिन जात असल्याचेही आढळले. तेथील डॉक्टरांनी जुने अहवाल मागितले. माझ्या फाइलमध्ये आपल्याच सांगण्यावरून केलेल्या तपासण्यांचे कागद होते : जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिनिन १.१ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १.४. हे आकडे ओळीने समोर ठेवल्यावर चढण माझ्यासारख्या शिक्षकालाही दिसली. परंतु २०२४ चा अहवाल आपल्या टेबलावर पोहोचला तेव्हा तो पाहून मला काही सांगितले गेले नाही. त्यानंतरच्या वर्षभरात बहुतेक वेळा कंपाउंडरनेच ‘मागच्याच गोळ्या चालू ठेवा’ असे सांगून औषधे दिली, आणि त्यांत गुडघेदुखीवरची वेदनाशामक गोळीही होती. दवाखान्यातली गर्दी मी स्वतः पाहिली आहे आणि तिचा भार आपल्यावर किती पडतो हेही मला कळते. तथापि अहवाल डॉक्टरांनी पाहावा, ही अपेक्षा मी गर्दीचे कारण सांगून सोडू शकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. मूत्रपिंडाचे नुकसान त्या गोळ्यांमुळेच झाले, असा माझा दावा नाही. इतक्या वर्षांचा मधुमेह आणि रक्तदाब ही कारणेही पुरेशी असू शकतात, असे नव्या डॉक्टरांनीच मला समजावले. मात्र ज्याला मधुमेह आहे, जो टेल्मिसार्टन घेतो आणि जो एप्रिल-मेच्या आपल्या खान्देशी उन्हात बाहेर हिंडतो, त्याला अशी वेदनाशामके दीर्घकाळ देताना मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, हेही त्यांनी सांगितले. मेटफॉर्मिनचा डोस त्यांनी कमी केला असून गुडघ्यांची गोळी पूर्ण बंद केली आहे. कोणाच्या तक्रारीसाठी मी कागद मागत नसून त्यांचा उपयोग पुढच्या उपचारांसाठी आहे. आपणही तो तसाच समजावा.

आता मागणीकडे वळतो. मूत्रपिंडविकारतज्ज्ञांची वेळ मला १९ जूनची मिळाली आहे आणि त्यांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे केवळ आपल्या दवाखान्यातील माझ्या कार्डावर आहेत. माझे जुने जाड पुठ्ठ्याचे कार्ड आणि २०१५ नंतर जोडलेली पुरवणी पाने, अशा दोन्हींची दोन्ही बाजूंनी काढलेली प्रत मला हवी आहे. रक्तदाबाचा प्रत्येक आकडा, प्रत्येक वजन आणि औषधातला प्रत्येक बदल आपण त्यावर स्वहस्ते लिहीत होता. मधुमेहाचे निदान नेमके कोणत्या वर्षी झाले, हे मला अंदाजाने सांगता येईल. पण मधुमेह किती जुना आहे यावर मूत्रपिंडाचा आणि डोळ्यांच्या पडद्याचा विचार अवलंबून असल्याने अंदाज येथे उपयोगाचा नाही. वेदनाशामक गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली, तिचे नाव, मात्रा आणि ती मधूनमधून दिली की सलग, ही माहिती त्याच कार्डावर आहे. कार्डावर नसलेली आणि दवाखान्यातूनच दिलेली औषधे वेगळ्या वहीत लिहिली जात असतील, तर त्या वहीतील माझ्यापुरत्या नोंदींचा उतारा द्यावा. इतर रुग्णांची नावे मला पाहायची नाहीत.

एका नोंदीबद्दल मी विशेष आग्रह धरीत आहे. २००९ च्या सुमारास लघवीच्या संसर्गावर दिलेल्या एका गोळीने माझ्या अंगभर चट्टे उठले होते. त्या वेळी आपण कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने त्या औषधाचे नाव लिहिले आणि मला फक्त ‘सल्फा तुम्हाला चालत नाही, गुरुजी’ एवढे सांगितले. नव्या डॉक्टरांना ‘सल्फा’ एवढ्यावर भागत नाही. औषधाचे नेमके नाव, किती मात्रेनंतर चट्टे उठले आणि श्वासाचा त्रास झाला होता की नाही, हे त्यांना हवे आहे. फोटोप्रतीत लाल अक्षरे फिकी उमटण्याची शक्यता असल्याने हा मजकूर आपण आपल्या लेटरहेडवर स्वतंत्र लिहून, सही-शिक्क्यासह दिल्यास उपकार होतील.

तपासणी अहवालांपैकी माझ्याकडे असलेल्या प्रतींची यादी सोबत जोडली आहे, म्हणजे त्याच कागदांच्या पुन्हा प्रती काढण्याचा व्याप आपल्याला होणार नाही. माझ्याकडे २०१८ पूर्वीचे एचबीए१सी आणि क्रिएटिनिनचे अहवाल नाहीत; ते आपल्याकडे असल्यास हवे आहेत. हृदयाचे आलेख, म्हणजे ईसीजी, आपल्याच दवाखान्यात निघाले होते. ते ज्या कागदावर निघतात तो उष्णतेने उमटणारा असल्याने काही वर्षांत रेषा पुसट होतात. म्हणून उरलेले आलेख आणखी फिके होण्यापूर्वी त्यांच्या स्पष्ट प्रती काढाव्यात. गुडघ्यांच्या एक्स-रेच्या फिल्म दवाखान्यातच असतील, तर मूळ फिल्म मला परत द्याव्यात. त्या मीच बाहेरून काढून आणून दिल्या होत्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेंग्यूमुळे मी आपल्या दवाखान्यातील खाटेवर भरती होतो. त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड माझ्याजवळ आहे, परंतु आतला केसपेपर, सलाइन व इंजेक्शनांचा तक्ता आणि त्या दिवसांतील रक्ताचे अहवाल नाहीत. त्या आजारात मूत्रपिंडावर ताण आला होता का, हे तज्ज्ञांना पाहायचे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे आवश्यक आहे आणि रुग्णाने मागणी केल्यावर कागदपत्रे ७२ तासांत देणे अपेक्षित आहे, हे आपण जाणताच. ते कागद अजून त्या मुदतीत आहेत. बाह्यरुग्णाची इतकी जुनी कार्डे जपणे हे नियमापेक्षा आपल्या सवयीचे काम आहे आणि आज मला त्याच सवयीचा उपयोग होत आहे. नियमाचा उल्लेख मी दटावण्यासाठी केलेला नाही. १९ जूनपूर्वी कागद हाती यावेत, एवढाच त्यामागे हेतू आहे. कार्डांच्या प्रती काढायला वेळ लागणार असेल, तर सल्फाबाबतचे पत्र आणि भरतीचे कागद आधी द्यावेत, उरलेले पुढच्या आठवड्यात दिले तरी चालेल.

कौटुंबिक इतिहासासाठी आणखी एक छोटी विनंती आहे. माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा तिचे वय आणि त्यापूर्वीचा तिचा रक्तदाब यांची नोंद आपल्याकडे मिळाल्यास दोन ओळी लिहून द्याव्यात. ती अहिराणीखेरीज दुसरे काही बोलत नसे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांपुढे गप्प बसणारी माय आपण ‘काय व्हयनं वं माय?’ असे विचारताच सगळे दुखणे सांगून टाकीत असे. तिच्या अखेरच्या वर्षांत आपण घरी येऊन जे केले त्याचा हिशेब कोणत्याही कार्डावर सापडणार नाही आणि माझ्या आजच्या निर्णयाने तो बदलतही नाही.

माझी पत्नी सौ. कमल हिने आपल्याकडेच उपचार सुरू ठेवण्याचे ठरविले आहे. तो तिचा निर्णय असून तिच्या कार्डाबाबत माझी काहीही मागणी नाही. मात्र माझ्या आजाराविषयी किंवा या पत्राविषयी तिच्यामार्फत निरोप देऊ नये. काही विचारायचे असल्यास मला फोन करावा अथवा लेखी कळवावे. माझ्या नोंदी माझ्या लेखी संमतीशिवाय नातेवाइकांना, औषधविक्रेत्याला किंवा विमा कंपनीच्या माणसाला देऊ नयेत.

प्रती घेण्यासाठी गुरुवार, १२ जून रोजी सायंकाळी मी स्वतः येईन. प्रवासामुळे मला जमले नाही, तर माझा पुतण्या माझ्या सहीचे अधिकारपत्र आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन येईल; त्याच्याकडे कागद बंद पाकिटात द्यावेत. फोटोप्रतींचा आणि लेटरहेडवरील पत्राचा जो काही खर्च होईल तो मी त्याच वेळी देईन व त्याची पावती घेईन. माझ्या माहितीप्रमाणे दवाखान्याचे माझ्याकडे काही येणे नाही; तरीही वहीत काही बाकी दिसत असेल, तर तीही त्याच दिवशी सांगावी. मूळ कार्ड आपल्याकडेच राहू द्यावे. मला फक्त प्रती हव्या आहेत. एखादी नोंद सापडत नसेल, तर ‘उपलब्ध नाही’ असे त्या नोंदीपुढे लिहून सही करावी, म्हणजे तिच्यासाठी पुन्हा आपल्याला त्रास द्यावा लागणार नाही.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची तारीख, सही व शिक्का देऊन ती पत्र आणणाऱ्याकडे परत करावी.

आपला नम्र,

(सही)
भास्कर सुपडू पाटील
सेवानिवृत्त मुख्याध्यापक, वय ६६

सोबत :
माझ्याकडे असलेल्या तपासणी अहवालांची यादी. ओळखपत्राची स्वाक्षरीत प्रत. पुतण्याच्या नावे अधिकारपत्र. पोच देण्यासाठी या पत्राची दुसरी प्रत.