अभीचं हॉल तिकीट : रविवार, १२ जुलै २०२६

अभी,

तू काल रात्री ११.४७ ला बॅटरी ६ टक्क्यांवर असताना स्क्रीनशॉट काढलास. वेळ आणि बॅटरी दोन्ही त्यात दिसतायत. खालचा अर्धा भाग कापला गेलाय, आणि केंद्राच्या पत्त्यातला प्लॉट नंबर ३ ने संपतो की ८ ने, हे झूम करूनही कळेना. म्हणून तुझा रजिस्ट्रेशन नंबर आणि जन्मतारीख टाकून मी पीडीएफच काढली. तीस सेकंद लागले. याचा अर्थ तुझ्या लक्षात येतोय ना? दोन्ही गोष्टी त्या स्क्रीनशॉटमध्ये आहेत आणि तो तू टाकलास फॅमिली ग्रुपवर, चाळीस माणसांत. मामी अंगठे दाखवतायत ते ठीक, पण आधी तो तिथून "सर्वांसाठी डिलीट" कर. मग पुढचं वाच.

वेळ

```
Exam Date         : 12/07/2026 (Sunday)
Shift             : 2
Reporting Time    : 11:00 AM
Gate Closing Time : 12:00 PM
Exam Time         : 12:30 PM - 02:30 PM
```

तू आईला सांगितलंस, "साडेबाराला पेपर आहे, दहाला निघालो तरी चालेल." चालणार नाही. साडेबारा विसर. तुझी वेळ १२.००, म्हणजे दुपारचे बारा. तेव्हा गेट बंद होतं आणि मग कोणी कितीही गयावया केली तरी उघडत नाही. अकरा ते बारा हा तास तपासणी, अंगठ्याचा ठसा, फोटो आणि लॅबमधली जागा शोधणं यात जातो. त्या तासात पोचायचं नाहीये, त्याच्या आधी पोचायचंय. खालचं सगळं मी बारापासून उलटं मोजलंय.

शुक्रवारपर्यंत

☐ पीडीएफची रंगीत प्रिंट, दोन प्रती. स्क्रीनशॉटची प्रिंट काढू नकोस. त्यात बारकोड फाटल्यासारखा आलाय आणि दुसरं पान नाहीच.

☐ दुसऱ्या पानावर स्वयंघोषणा आहे, ती तू पाहिलीच नसणार. तिच्यावर पासपोर्ट साइझ फोटो घरूनच चिकटवून न्यायचाय, अर्जात लावलेलाच. चौकटी शर्टातला. नवा काढू नकोस. त्याच्या तीन-चार कॉपी आईच्या शिलाईच्या डब्यात आहेत.

☐ फोटोखाली सहीची आणि डाव्या अंगठ्याची चौकट आहे. दोन्ही कोऱ्या ठेव. पर्यवेक्षकांसमोर करायच्या आहेत, तसं तिथे बारीक अक्षरात लिहिलंय. उत्साहात घरी सही ठोकू नकोस.

☐ दाढी. अर्जातल्या फोटोत नाहीये, आता आहे. शनिवारी संध्याकाळी काढ. नियम आहे म्हणून नाही, गेटवरचा माणूस फोटो आणि तोंड आलटून पालटून बघत बसू नये म्हणून.

☐ ओळखपत्र. इथे खरी गडबड आहे, नीट वाच. हॉल तिकिटावर नाव ABHIJEET आहे. आधारवर ABHIJIT. एका अक्षराची गोष्ट, पण सूचना क्रमांक ७ म्हणते की ओळखपत्रावरचं नाव हॉल तिकिटाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. पॅन कार्डावर मात्र ABHIJEET आहे, मी जुन्या फोटोत पाहिलं. तेव्हा गेटवर आधी पॅन काढायचं. आधार सोबत असू दे, मागितलं तरच दाखव. पॅन कार्ड प्लास्टिकचं, मूळ. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. ते कपाटातल्या स्टीलच्या डब्यात आहे, एलआयसीच्या पावत्यांखाली. आजच काढून बघ. शनिवारी रात्री अकराला शोधाशोध नको.

☐ पॅनची एक झेरॉक्स. ती केंद्रावर जमा करायची आहे, ही सूचनाही कापल्या गेलेल्या भागातच होती.

आत काय न्यायचं

पारदर्शक प्लास्टिक फोल्डरमध्ये हॉल तिकीट, फोटो लावलेलं दुसरं पान, पॅन, त्याची झेरॉक्स, आधार आणि दोन सुटे फोटो. एक साधं बॉलपेन. लेबल नसलेली पारदर्शक पाण्याची बाटली. एक कोरडा रुमाल.

झालं. इतकंच.

रुमाल हसण्यावारी नेऊ नकोस. जुलैचा पाऊस आहे, ओल्या बोटाचा ठसा मशीन घेत नाही आणि मग मागची रांग तुझ्याकडे बघत बसते. आधी बोटं पुसायची, मग ठेवायची. आणि हो, शनिवारी सायकलला पंक्चर काढायला बसू नकोस. बोटांना लागलेलं सोल्यूशन दोन दिवस जात नाही.

कच्च्या कामाचा कागद तेच देतात आणि परतही घेतात. कॉम्प्युटरवर लॉगिनला रोल नंबर टाकायचा, पासवर्ड जन्मतारीख, `DDMMYYYY` अशी, मध्ये रेघा नाहीत.

गेटपर्यंत, पण आत नाही

मोबाइल, घड्याळ, इअरफोन, पाकीट, छत्री, कंबरेचा पट्टा आणि तो कडा. कडा निघत नाही म्हणतोस, तर साबण लावून शनिवारीच काढ. हे सगळं बाबांच्या पिशवीत. सूचनेत स्पष्ट लिहिलंय की सामान ठेवायची सोय नाही. बाबा सोबत येतायत ते यासाठीच, तू लहान आहेस म्हणून नाही. आता यावरून वाद घालू नकोस.

कपडे साधे, खिसे कमी. पायात सँडल. बूट भिजले तर दोन तास ओल्या मोज्यांत बसावं लागेल. एक सुका टी-शर्ट बाबांच्या पिशवीत असू दे.

प्रवास

केंद्र महापे एमआयडीसीत आहे. प्लॉट नंबर ८ ने संपतो, ३ ने नाही. दोन्ही प्लॉट वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत, मी नकाशावर पाहिलं. बरोबर जागेची पिन बाबांच्या फोनवर पाठवलीये. रिक्षावाल्याला नुसतं "परीक्षा केंद्र" म्हणू नका, पिन दाखवा.

आता उलटं मोजू.

१०.१५ ला केंद्राच्या दारात.
९.५५ ला घणसोलीहून रिक्षा.
९.३० पर्यंत ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी.
९.०० ते ९.१० ठाण्याला उतरणं.
८.१० च्या आसपास बदलापूरहून गाडी.
७.४० ला घर सोडणं.

गेट बंद व्हायच्या पावणेदोन तास आधी पोचणं तुला अती वाटेल. पण रविवार आहे. रविवारी गाड्या कमी आणि मेगाब्लॉक वेगळा. तो बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो, कधी मेन लाइनवर, कधी ट्रान्सहार्बरवर. तो कुठेही असला तरी त्याच्या आधी आपण ठाणं ओलांडलेलं असावं, एवढंच माझं गणित. या रविवारचा ब्लॉक जाहीर झाला की शुक्रवारी रात्री मी बघून कळवते. गाडीची नेमकी वेळ बाबा शनिवारी एम-इंडिकेटरवर रविवारचं वेळापत्रक लावून बघतील.

तिकीट थेट घणसोलीपर्यंतचं, रिटर्न आणि कागदी. म्हणजे ठाण्याला पुन्हा रांग नको, आणि येताना फोन मेला तरी तिकीट हातात. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या गाड्या ९ आणि १० नंबरवर लागतात. गर्दीच्या रेट्यात भलत्या पुलावरून बाहेर पडू नका. वाशी, नेरुळ, पनवेल, गाडी कुठलीही असो, घणसोलीला थांबते. त्यामुळे बोर्ड वाचत थांबायचं नाही, जी आली ती पकडायची.

खाणं. हे वेगळं लिहितेय, कारण इथे सगळे फसतात. एमआयडीसी रविवारी सुनसान असते. कंपन्या बंद म्हणून टपऱ्या बंद, आणि शेअर रिक्षाही फारशा नाहीत. "तिथे काहीतरी मिळेल" यावर जाऊ नका. सात वाजता घरी पोटभर खा. आईला सांगून डब्यात दोन पोळ्यांचे रोल घ्या आणि साडेदहाला केंद्राबाहेर बसून खा. पेपर सुटेपर्यंत अडीच वाजतील. आणि ज्या रिक्षाने जाल त्याचा नंबर बाबांनी घेऊन ठेवावा, परतताना उपयोगी पडेल. दहा-वीसच्या सुट्या नोटा जवळ असू द्या.

पाऊस झाला तर

बदलापूरकरांना पावसाचं वेगळं सांगायला नको. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हा आपण गच्चीवरून हेलिकॉप्टर बघितलं होतं. म्हणून निर्णय आधीच ठरवून ठेवू, ऐनवेळी चर्चा नको.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता हवामान खात्याचा ठाणे जिल्ह्याचा इशारा बघायचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बॅग उचलून कोपरखैरण्याला मावशीकडे. तिच्याकडे बाळ रात्रभर रडतं, मला माहितीये. झोप कमी मिळेल. पण कमी झोपून पेपर देता येतो, बदलापूर स्टेशनवर उभं राहून देता येत नाही.

इशारा नसेल पण सकाळी गाड्या अडल्या असतील तर ८.३० ही शेवटची मर्यादा. तोवर गाडीत बसला नसाल तर स्टेशनवरून बाहेर या आणि टॅक्सी करा. काटई नाका, शिळफाटा, महापे. शिळफाट्याला गर्दी असतेच, तरी साडेआठला निघालात तर हातात साडेतीन तास आहेत. गाडीत बसल्यावर अडकलात तर डोंबिवलीला उतरा. तिथूनही कल्याण-शीळ रस्त्याने शिळफाट्यावरून महापेला जाता येतं. घोषणा काय होते त्याची वाट बघत एका जागी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

बाबा, हा शेवटचा भाग तुमच्यासाठी. अभी आत गेला की मला फक्त "आत गेला" एवढंच कळवा. अडीचला तो बाहेर आल्यावर "पेपर कसा गेला" हे आधी विचारू नका, आधी डबा द्या. ब्लॉक असला तर चारपर्यंत गाड्यांची बोंब असेल, तेव्हा घाई न करता मावशीकडे चहा घेऊन निघा.

अभी, पॅन कार्ड सापडलं की फोटो पाठव. मला. ग्रुपवर नाही.

ताई